40 एचपी काढून 30 एचपी: कोटेशननंतर गप्प बसलेल्या कस्टमरला लिहिलेला तिसरा मेल

आमचा धंदा कॉम्प्रेसर आणि ड्रायर विकायचा, छत्रपती संभाजीनगरला, आणि बहुतेक गिऱ्हाईक वाळूज आणि शेंद्र्याचं, अधूनमधून जालना. या धंद्यात कोटेशन पाठवणं फार अवघड नाही, खरी परीक्षा त्याच्या नंतर असते, कारण दहातल्या पाच-सहा ठिकाणी माणूस कोटेशन मिळेपर्यंत रोज फोन करतो आणि मिळालं की एकदम शांत होतो. ना हो, ना नाही. मागच्या जूनमधलं एक प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण त्यात आम्ही तीन मेल टाकले, पहिले दोन वाया गेले आणि तिसऱ्याला उत्तर आलं, आणि तिन्हीत फरक काय होता ते मला नंतर कारखान्यात उभं राहूनच कळलं.

कारखाना वाळूजचा, प्रेस शॉप. गाड्यांचे पत्र्याचे छोटे पार्ट, दोन न्यूमॅटिक क्लचचे प्रेस, सहा-सात स्पॉट वेल्डिंग गन आणि बाकी साफसफाईला एअर गन. हवा देणारे दोन जुने पिस्टन कॉम्प्रेसर, प्रत्येकी 20 एचपी, प्रत्येकाला आपली 500 लिटरची टाकी. तक्रार अशी की दुपारच्या चहानंतर सगळं एकदम चालू झालं की लाईनचा दाब 7 बारवरून साडेपाचवर यायचा, मग गनचा दाब कमी पडायचा आणि वेल्ड कच्चे निघायचे. मी जाऊन बघून आलो, परचेसच्या सरांशी बोललो, आणि 5 जूनला कोटेशन पाठवलं: 30 एचपीचा म्हणजे 22 किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर 6,40,000, ड्रायर 90,000, 1000 लिटरची टाकी 80,000, एकूण 8,10,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 9,55,800. व्हॅलिडिटी 15 दिवस, 30 टक्के ॲडव्हान्स, बाकी माल निघायच्या आधी. केबल आणि पायपिंग त्यांच्याकडं. कोटेशन दोन पानी, नीट, लेटरहेडवर.

मग शांतता.

11 जूनला आमच्या ऑफिसच्या पोरानं पहिला फॉलोअप टाकला, इंग्रजीत, सगळे टाकतात तसा: कोटेशन मिळालं असेल, आपला निर्णय कळवावा, ऑर्डरची वाट बघतोय. 18 तारखेला दुसरा, तोही इंग्रजीत, यात मीच एक ओळ घालायला सांगितली होती की 20 तारखेला व्हॅलिडिटी संपतेय आणि त्यानंतर रेट वाढू शकतो. मधल्या काळात चार फोन झाले, दोनदा रिंग वाजून गेली, दोनदा "मीटिंगमध्ये आहे" असा ठरलेला मेसेज आला.

पोरगा म्हणला, "सर, हे गेलं. दुसरीकडून घेतलं असणार, नाहीतर रेट बघायलेत." शक्य होतं. पण मला एक गोष्ट खटकत होती की ज्याला रेट पाडायचाय तो माणूस गप्प बसत नाही, तो तर उलट फोन करून सांगतो की अमुकतमुक इतक्यात देतोय, तुम्ही कितीत देता. आणि ज्यानं दुसरीकडं पीओ दिलाय तो सहसा एका ओळीत "सध्या गरज नाही" म्हणून मोकळा होतो. पूर्ण गप्प राहतो तो बहुतेक वेळा मधेच अडकलेला असतो, म्हणजे त्याच्याकडं आपल्याला सांगण्यासारखं काही नसतं, कारण त्यालाच वरून काही मिळालेलं नसतं.

म्हणून 24 तारखेच्या संध्याकाळी मी ऑफिसात बसून आमचंच कोटेशन परत वाचलं, विकणारा म्हणून नाही तर त्या कारखान्याचा मालक म्हणून, ज्यानं मला कधी बघितलेलं नाही आणि ज्याच्या पुढ्यात हे दोन कागद आलेत. पहिल्याच पानावर अडकलो. आत्ता 20 एचपीच्या दोन मशीन आहेत, म्हणजे 40 एचपी. तरी हवा कमी पडतेय. आणि हा डीलर म्हणतोय की साडेनऊ लाख द्या आणि 30 एचपी घ्या. का? कोटेशनमध्ये याचं उत्तर एका ओळीतही नव्हतं. मॉडेल नंबर होता, मोटरचा मेक होता, वॉरंटी होती, पण कमी एचपीत जास्त हवा कशी मिळणार हे कुठंच नव्हतं, कारण आमच्यासाठी ती रोजचीच गोष्ट, ती लिहावी लागते असं कधी वाटलंच नाही.

मग आठवलं, पाहणीच्या दिवशी मेंटेनन्सचे काका माझ्याबरोबर फिरत होते, पन्नाशी ओलांडलेले, हातात कायम फडकं. मी 30 एचपी म्हणलो तेव्हा त्यांनी जुन्या मशीनच्या नेमप्लेटवरची धूळ फडक्यानं पुसली, आकडा बघितला, परत माझ्याकडं बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. मीही विषय सोडून दिला, परचेसचे सर घाईत होते. तो प्रश्न तेव्हाच तिथं उभा होता.

आणखी एक बारीक गोष्ट लक्षात आली. आमचे दोन्ही फॉलोअप मूळ मेलला रिप्लाय करून टाकलेले होते, आणि रिप्लाय केला की आधीची पीडीएफ सोबत जात नाही, फॉरवर्ड केलं तरच जाते. म्हणजे दोन्ही वेळेला त्या सरांना नुसता तगादा गेला होता, कोटेशन शोधायचं काम त्यांचं त्यांनाच. त्यांच्या इनबॉक्समध्ये रोज किती मेल पडत असतील.

25 तारखेला सकाळी मी स्वतः मेल लिहिला. मराठीत लिहिला, मुद्दाम, कारण हा मेल परचेसच्या सरांनी मोबाईलवर काकांना दाखवावा अशी माझी इच्छा होती. त्याच थ्रेडवर टाकला, कोटेशनची पीडीएफ परत जोडली. मालकांचा मेल आयडी माझ्याकडं होता तरी सीसीत घातला नाही. ज्या माणसाला उत्तर देता येत नाहीये त्याच्या डोक्यावरून त्याच्या साहेबाला मेल गेला तर तो पुढं आपलं काम कधीच करत नाही, आणि त्याचं चुकत पण नाही. मेल असा होता:

"नमस्कार सर,

कोटेशन परत जोडलंय, शोधायला लागू नये म्हणून.

आमच्या कोटेशनमध्ये एक गोष्ट लिहायची राहून गेली. तुमच्याकडं आत्ता 20 एचपीच्या दोन मशीन आहेत आणि मी 30 एचपीची एकच सुचवली, तर ती पुरेल का, हा प्रश्न तुमच्याकडं कुणीही विचारेल. त्याचा हिशोब खाली देतो.

जुन्या मशीनच्या प्लेटवर 72 सीएफएम लिहिलंय, म्हणजे मिनिटाला 72 घनफूट. ते डिस्प्लेसमेंट आहे, म्हणजे पिस्टन सरकताना एका मिनिटात किती जागा व्यापतो. बाहेर तेवढी हवा येत नाही. पिस्टन मशीन नवी असताना साधारण 70 ते 75 टक्के हवा बाहेर मिळते, म्हणजे एकीची 50 ते 54, दोन्हींची मिळून 100 ते 108. व्हॉल्व्ह आणि रिंग झिजल्यावर याहून कमी. आम्ही दिलेल्या 30 एचपी स्क्रूचे 7 बारला 125 सीएफएम आहेत आणि तो आकडा बाहेर मिळणाऱ्या हवेचा आहे.

तुमच्या मशीन आज किती हवा देतात हे मी प्लेटवरून सांगू शकत नाही, ते मोजावं लागतं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी येऊन मोजून देतो, दीड-दोन तासांचं काम आहे, मेंटेनन्सचे काका सोबत असावेत, पैसे काही नाहीत. मोजमापात 30 एचपी कमी पडते असं दिसलं तर तसं लेखी देईन.

जुन्या कोटेशनचा रेट 31 जुलैपर्यंत तोच धरतो.

उत्तराला फक्त आकडा टाकला तरी चालेल:
1. येऊन मोजा.
2. काम पुढं गेलंय (कोणत्या महिन्यात विचारू तेवढं लिहा).
3. दुसरीकडून घेतलं, फाईल बंद करा."

पाठवायच्या आधी मी त्यातून दोन वाक्यं काढली. एक होतं "आपल्या उत्तराची आतुरतेनं वाट बघतोय", कारण ते आधीच्या दोन्ही मेलमध्ये होतं आणि त्यातून समोरच्याला काहीच मिळत नव्हतं. दुसरं, आमच्याकडून वाळूजला कुणी कुणी मशीन घेतल्यात त्याची यादी. ती चांगली गोष्ट आहे, पण या मेलला एकच काम होतं, काकांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, आणि यादी घातली असती तर तो परत विकणाऱ्याचा मेल झाला असता.

तिसरा पर्याय घालू नको असं पोरगा म्हणत होता, आपणच "फाईल बंद करा" कशाला सुचवायचं म्हणून. मला तो ठेवायचाच होता. ज्यानं खरंच दुसरीकडून घेतलंय त्याला ते सांगायला संकोच वाटतो, म्हणून तो टाळतो आणि आपण महिनाभर फोन लावत बसतो. तीन हा आकडा टाकायला त्याला काही वाटत नाही, आणि आपला माणूस मोकळा होतो.

27 तारखेला संध्याकाळी पावणेआठला उत्तर आलं, त्यांच्या मोबाईलवरून असावं: "1. 5 जुलैला या. सकाळी 9."

5 जुलैला कारखाना बंद होता, फक्त वॉचमन, काका आणि परचेसचे सर. सर आले याचंच मला आधी आश्चर्य वाटलं. पद्धत साधी आहे, कुणालाही जमेल. एका कॉम्प्रेसरची टाकी प्लांटपासून व्हॉल्व्ह बंद करून तोडायची, पूर्ण रिकामी करायची म्हणजे गेज शून्यावर, ड्रेन बंद करायचा, मशीन चालू करायची आणि 7 बारपर्यंत किती वेळ लागतो ते मोबाईलच्या स्टॉपवॉचवर बघायचं. 500 लिटरची टाकी 7 बारपर्यंत भरायला बाहेरची साधारण 3500 लिटर हवा आत जाते (बाहेरचा दाब 1 बार धरून), म्हणजे जवळपास 124 घनफूट. पहिल्या मशीनला 2 मिनिट 45 सेकंद लागले. 124 भागिले पावणेतीन, 45 सीएफएम. दुसरीला 3 मिनिट 5 सेकंद, म्हणजे 40. काकांनी स्वतः स्टॉपवॉच धरला होता आणि दुसऱ्या मशीनचं माप त्यांनी परत घ्यायला लावलं, दुसऱ्यांदा 3 मिनिट 8 सेकंद आले. या मापात एक खोट आहे तीही मी सांगितली: दाबलेली हवा गरम असते, गरम हवेनं टाकी लवकर भरल्यासारखी दिसते, त्यामुळं खरा आकडा यापेक्षाही थोडा कमीच असतो, जास्त नाही.

म्हणजे प्लेटवर दोन्हींचे मिळून 144, आणि प्रत्यक्षात जेमतेम 85.

मग लीकेज बघितलं. प्लांटचा व्हॉल्व्ह उघडला, वापर सगळा बंद, फक्त पहिली मशीन चालू ठेवली आणि ती किती वेळ लोडवर राहते आणि किती वेळ रिकामी हे पाच फेऱ्या मोजलं. सरासरी 90 सेकंद लोडवर, 210 सेकंद रिकामी. 300 पैकी 90, म्हणजे 30 टक्के, 45 चे 30 टक्के म्हणजे साडेतेरा सीएफएम. एकही माणूस कामाला नसताना एवढी हवा जात होती. कारखाना बंद असल्यानं फुसफुस ऐकूच येत होती. काका साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन निघाले आणि दोन स्पॉट गनच्या क्विक कपलिंगला आणि एका लाईनच्या ड्रेन कॉकला बुडबुडे दाखवले. फेसाचा एक फुगा लिंबाएवढा झाला आणि फुटला, परत झाला.

आता हिशोब जुळत होता. दिवसा दोन्ही मशीन जवळपास सलग लोडवर, तरी दाब पडतोय, म्हणजे मागणी 85 च्या थोडी वर, त्यातली साडेतेरा फुकट जाणारी. 125 ची मशीन पुरून उरते. उरते म्हणल्यावर मी त्यांना उलटी बाजूपण सांगितली, की स्क्रू मशीन अनलोडला चालते तेव्हा हवा न देताही फुल लोडच्या पाव ते तिसरा हिस्सा वीज खाते, त्यामुळं लीकेज बंद करून वापर 75 वर आला तर मशीन बराच वेळ रिकामी फिरेल, आणि पुढं एखादा प्रेस वाढवायचा विचार नसेल तर 25 एचपीचा पण विचार करा. सर म्हणले पुढच्या वर्षी तिसरा प्रेस येणारय, 30 च ठेवू.

चहा पिताना काकांनीच सांगितलं, मी विचारलं नव्हतं. "साहेबांनी मला विचारलं घ्यायचं का. मी म्हणलो 40 काढून 30 कशाला लावायलाव, कमी पडलं तर माझ्याच नावानं बोंब होईल. कुणालाच उत्तर देता येईना. फाईल तिथंच राहिली." सर खाली बघत होते. मग म्हणले, "तुमचे दोन्ही मेल वाचले होते. निर्णय कळवा, निर्णय कळवा. मी काय कळवणार, निर्णय झालाच नव्हता. आणि तुम्हाला विचारायचं तर मला ते टेक्निकल नीट सांगता पण येईना."

हे ऐकून मला वाईट वाटलं. तीन आठवडे तो माणूस दोन्हीकडून दाबला जात होता, साहेब विचारतात कॉम्प्रेसरचं काय झालं, काका सही करत नाहीत, आणि आम्ही बाहेरून व्हॅलिडिटीची भीती दाखवत होतो. आमच्या 18 तारखेच्या मेलमधल्या त्या ओळीची किंमतही मोजली. भाव ठरवायला बसलो तेव्हा मालक म्हणले, "20 नंतर रेट वाढणार होता ना? मग 31 जुलैपर्यंत तोच कसा? म्हणजे त्यात जागा आहे." यावर माझ्याकडं बोलायला काही नव्हतं, कारण कंपनीकडून रेट वाढल्याचं काही आलेलं नव्हतंच, ती ओळ नुसती घाई करायला घातलेली. 20,000 कमी करावे लागले. कंपनीचं रेट वाढीचं पत्र खरंच हातात असेल तर ते जोडून तारीख सांगावी, ते योग्यच आहे, पण नसेल तर तारखेची भीती घालू नये, ती परत आपल्याकडंच येते.

सर्वात कामाची ठरली ती मोजमापाची एक पानी नोंद. मी ती त्याच संध्याकाळी मेल केली, दोन्ही मशीनचे सेकंद, लीकेजचे सेकंद, हिशोब, आणि खाली काकांचं आणि माझं असं दोघांचं नाव. तो कागद परचेसच्या सरांनी फाईलला लावला आणि मालकांपुढं ठेवला. मी त्या मीटिंगला नव्हतो, माझ्या बाजूनं तो कागदच बोलला. काकांचं नाव खाली असल्यानं तो डीलरचा कागद राहिला नाही.

22 जुलैला पीओ आला, 7,90,000 अधिक जीएसटी, ॲडव्हान्स 30 ऐवजी 20 टक्के. मशीन बसली ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. त्यांच्या सीएनी सप्टेंबरच्या आत चालू करा असा आग्रह धरला होता, कारण घेतली त्या वर्षात मशीन 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. हे मला आधी सुचलं असतं तर तिसऱ्या मेलमध्ये व्हॅलिडिटीपेक्षा ती तारीख लिहिली असती, ती खरी तारीख होती आणि त्यांच्या फायद्याची होती.

असाच मेल मी नंतर जालन्याच्या एका गिऱ्हाईकाला पाठवला, तिथं दुसऱ्याच दिवशी "3" आलं. ठीक, फोन थांबले. आणि एका ठिकाणी काहीच आलं नाही, तिथं अडचण पैशाची होती असं बऱ्याच दिवसांनी कळलं, बँकेचं लोन मंजूर व्हायचं होतं आणि त्यांना हिशोब नको होता, प्रोफॉर्मा इनव्हॉइस हवा होता. तिथं मी काकांच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन गेलो जिथं काका कुणी नव्हतेच. म्हणून आता पाहणीला गेलो की मशीन बघतोच, पण निघताना परचेसवाल्यांना एक विचारून घेतो: हा कागद तुमच्यानंतर कुणाच्या टेबलावर जाणारय, आणि ते पहिलं काय विचारतील?

वाळूजला परवा सर्व्हिसला गेलो होतो. काकांनी कॉम्प्रेसर रूमच्या दारामागं खडूनं रोजचा दुपारी चारचा दाब लिहायला सुरुवात केलीय, 6.8, 6.9, 6.8, 6.7. जुन्या 20 एचपीतली एक मशीन विकली, एक स्टँडबाय ठेवलीय, आणि तिच्या प्लेटवर 72 च्या शेजारी त्यांनी मार्करनं 45 लिहून ठेवलंय.